दह्याचा डबा

जर्मनीत नव्याने राहायला आलेलं मराठी घर ओळखायचं असेल, तर सिंकजवळ बघावं. दह्याचे रिकामे डबे साबणाने घासून, उपडे घालून वाळत ठेवलेले असतात. कचरा धुऊन द्यायचा असतो, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. आणि खान्देशातल्या बाईला एकदा घासायला सांगितलं, की भांडं लखलखल्याशिवाय चैन पडत नाही. खरा नियम तेवढा कडक नाही. डबा चमच्याने निपटून काढला की झालं. साबण नको नि गरम पाणी तर मुळीच नको, त्यात पाणीही वाया नि ते तापवणंही.

मेहनत आहे ती डबा सोडवण्यात. वरचं पातळ ॲल्युमिनियमचं झाकण अर्धवट लोंबत ठेवायचं नाही, पूर्ण ओढून काढायचं. बाहेरून पुठ्ठ्याची पट्टी असेल तर ती उलगडून कागदाच्या निळ्या डब्यात टाकायची. मग झाकण आणि डबा दोन्ही पिवळ्या पिशवीत, पण सुटे सुटे. रिकामे डबे एकात एक बसवून ठेवायची आपली सवय इथे नडते.

का, ते कळलं की हात आपोआप वळतो. पिवळ्या पिशवीतला माल कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून जातो. त्यावर इन्फ्रारेड प्रकाश पडतो, परत आलेल्या प्रकाशावरून यंत्र प्लास्टिकची जात ओळखतं आणि हवेच्या फवाऱ्याने तो तुकडा आपापल्या ढिगात उडवतं. डब्यावर पुठ्ठा तसाच असेल तर यंत्राला पुठ्ठाच दिसतो. एकात एक घातलेले दोन डबे वेगळ्या प्लास्टिकचे असले, तर बाहेरच्याची जात लागते आणि आतला त्याच्यासोबत चुकीच्या ढिगात. ॲल्युमिनियमची तऱ्हा आणखी वेगळी. ते साध्या चुंबकाला चिकटत नाही, म्हणून वेगाने फिरणाऱ्या चुंबकांनी त्याला पट्ट्यावरून पुढे भिरकावतात. डब्याला चिकटलेलं झाकण स्वतः वाया जातं नि डब्यालाही घेऊन जातं. काजळीने काळं केलेलं प्लास्टिक तर बहुतेक यंत्रांना दिसतच नाही.

आखाजीला अमळनेरला गेले होते तेव्हा ओसरीवर हे सगळं सांगितलं, तर सांजोऱ्या तळता तळता मामी थांबली. ‘‘माय वं! तठे कचराबी धोतस का?’’ धूत नाहीत, निपटतात, म्हटलं. मग तिने कोपऱ्यातली फुटकी बादली दाखवली. ‘‘आनि हाई?’’

मामीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. फुटकी बादली प्लास्टिकची खरी, पण बहुतेक गावांत पिवळ्या पिशवीत चालत नाही. ती पिशवी प्लास्टिकची नाही, वेष्टनांची आहे. 1991 पासून तिथे वेष्टनाच्या विल्हेवाटीचा भार ते वेष्टन बाजारात आणणाऱ्यांवर आहे. दह्याच्या डब्याचे पैसे दहीवाल्याने भरलेले असतात, बादलीचे कुणी भरलेले नसतात. म्हणून आंब्याच्या रसाचा पत्र्याचा डबा पत्रा असूनही पिवळ्या पिशवीत जातो आणि प्लास्टिकची बादली उरल्यासुरल्या कचऱ्याच्या डब्यात किंवा पालिकेच्या संकलन केंद्रावर. काही शहरांत दोन्ही एकत्र चालतं, तेव्हा मैत्रिणीचा सल्ला घ्यावा, पण ती त्याच गावातली असेल तरच.

कोयी आणि सालींचा प्रश्न मामीला सोपा वाटला, आणि सोपाच आहे. त्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात, बहुतेक ठिकाणी तो तपकिरी असतो. अडतं ते पिशवीवर. प्लास्टिकची नकोच, आणि ‘कुजणारी’ म्हणून विकतात तीही पुष्कळ गावांत चालत नाही, कारण खताच्या कारखान्यात ती वेळेत कुजत नाही. ओला कचरा रद्दी पेपरात गुंडाळून टाका, असं पालिकाच सांगते. मामी तेच करते, घंटागाडीवाला तिला ओरडतो ते सोडा.

घंटागाडीची मात्र मला तिथे फार आठवण येते. ती गाणं वाजवत येते, थांबते, कुणी धावत आलं तर वाटही बघते. तिथे वर्षाचं कॅलेंडर असतं. कुठला डबा कुठल्या दिवशी हे त्यात छापलेलं, आणि आदल्या रात्री किंवा भल्या पहाटे डबा फुटपाथला लावायचा. गाडी निघून गेली की पुढच्या तारखेपर्यंत तो तुमच्याच अंगणात. सुट्टी आली की घोळ वाढतो. ईस्टरचा सोमवार गेला की बऱ्याच ठिकाणी त्या आठवड्याचे सगळेच दिवस एकेकाने पुढे सरकतात, नि पिवळी पिशवी चुकीच्या दिवशी एकटीच रस्त्यावर उभी असलेलं घर नवीन माणसाचं असतं. पिशवीत बादली सापडली तर विचारूच नका. वर लाल चिठ्ठी चिकटवून गाडी पुढे जाते, आणि ती चिठ्ठी शेजारच्या आजी चष्मा लावून वाचतात.