रेघ कुठे तुटली?

"मॅडम, वहीतल्या ट्रुथ टेबलचा फोटो पाठवलाय. टेबल पाठ आहे, पण सूत्रात ०, १ घातले की दुसरंच उत्तर येतं. माझं चुकतंय कुठे?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डिप्लोमाची मुलं दरवर्षी असे फोटो पाठवतात आणि निम्म्याहून अधिक वेळा गोची एकाच जागी असते. परवाचाच फोटो घ्या. वहीत नँड गेटचं हे टेबल होतं:

```
A  B  Y
०  ०  १
०  १  १
१  ०  १
१  १  ०
```

टेबल बिनचूक आहे. वर सूत्र लिहिलं होतं आणि A, B च्या डोक्यावर रेघ होती. मी फोटो मोठा करून पाहिला. मधल्या टिंबाच्या वर पेन किंचित उचललं गेलं होतं, त्यामुळे एका रेघेच्या दोन रेघा झाल्या होत्या. सगळी चूक तेवढ्या फटीत आहे.

सलग रेघ हा कंसच असतो. रेघेखालचं सगळं आधी करायचं आणि मग आलेलं उत्तर उलटवायचं. इथे रेघेऐवजी ' हे चिन्ह वापरते. नँडचं सूत्र `Y = (A·B)'` आहे. रेघ तुटली की ते `Y = A'·B'` होतं, म्हणजे आधी दोघांना वेगवेगळं उलटवायचं आणि मग गुणायचं.

दुसरी ओळ घेऊन बघा, A = ० आणि B = १. सलग रेघेने ० गुणिले १ म्हणजे ०, ते उलटवलं की १. वहीत हेच उत्तर आहे. तुटक रेघेने A चा १ झाला, B चा ० झाला, गुणाकार ०. तिसऱ्या ओळीतही असंच होतं. पहिल्या ओळीत मात्र दोन्ही रीतींनी १ येतो आणि शेवटच्या ओळीत दोन्ही रीतींनी ०. घाईत असलेली मुलं नेमक्या या दोन ओळींवर ताळा करतात आणि सगळं जुळलं असं समजतात. ताळा मधल्या ओळींवरच करा.

तुटक रेघेचं जे टेबल येतं, १, ०, ०, ०, ते नॉर गेटचं असतं. डी मॉर्गनचा नियम हेच सांगतो: रेघ तोडलीत तर खालचं चिन्हही बदला. म्हणून `(A·B)'` ची रेघ तोडायचीच असेल तर `A' + B'` लिहावं लागतं.

आपल्या बोलण्यात हा फरक आपण रोज करतो. "दोघंही आले, असं नाही" म्हटलं तर एखादा आलेला असू शकतो. "हाही आला नाही, तोही आला नाही" म्हटलं की कुणीच आलेलं नाही. पहिलं वाक्य नँड, दुसरं तुटक रेघ.

सूत्र खरं की टेबल खरं, असा प्रश्न पडला तर शेजारची आकृती बघा. त्या फोटोत अँडच्या आकाराला आउटपुटच्या टोकाशी बबल होता, म्हणजे उलटवणं शेवटी, रेघ सलग. तेच बबल दोन्ही इनपुटांवर असते तर तुटक रेघ बरोबर ठरली असती. त्या मुलाची आकृती आणि टेबल एकमेकांशी जुळत होतं, म्हणून दुरुस्त करायचं ते सूत्रच.

संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. तापकीर गल्लीतून ७४०० आयसी आणून त्याने ब्रेडबोर्डवर जोडणी केली होती. पिन १ आणि २ इनपुट, ३ आउटपुट, १४ ला ५ व्होल्ट, ७ ग्राउंड, सगळं बरोबर. तरी एलईडी १, १, ०, ० दाखवत होता. बिचारा पुन्हा सूत्रात चूक शोधत बसला होता. पण हे उत्तर नीट वाचा: B बदलून काहीच फरक पडत नाही, Y फक्त A च्या उलट चालतोय. टीटीएल आयसीत मोकळी पिन १ धरली जाते, म्हणजे B ची वायर निसटलेली असणार. मी त्याला मल्टिमीटर पिन २ वर लावायला सांगितला. ०.८ व्होल्टच्या खाली असेल तर ते खात्रीचं ०, २ च्या वर असेल तर खात्रीचा १. त्याच्याकडे आकडा या दोन्हींच्या मधेच अडकलेला होता. वायर घट्ट खोचली आणि तिसरी ओळ पेटली.

हा ताळा टीटीएललाच लागू पडतो. ७४एचसी००सारख्या सीमॉस आयसीत मोकळी पिन कधी ०, कधी १ वाटते, बोट जवळ नेलं तरी बदलते. तिथे एलईडी उगाच लुकलुकायला लागला की आधी वायरी तपासा, वही नंतर उघडा.