ताटावरून उठूं नको

माझ्या लग्नातला टोस्ट संध्याकाळीच लिहून झाला होता. सावकाश बोललं तर इंग्रजीत अडीचशे शब्दांना दोन मिनिटं लागतात, आणि हातात ग्लास धरून थांबलेल्या माणसांकडून त्याहून जास्त वेळ मागू नये. शेवटी आजी-आजोबांच्या कार्डातल्या दोन ओळी, आधी मराठीत, मग भाषांतर. सगळं जमलं होतं. मग निजायच्या आधी कार्ड उगाच पुन्हा उघडलं.

वरचा मजकूर आजोबांचा. ॥ श्री ॥, चि., चि. सौ. कां., अ. उ. आ. अशा आद्याक्षरांचं भाषांतर करायचंच नसतं. आधी ती पूर्ण उलगडायची, मग अर्थ बघायचा. ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ इंग्रजीत सरळ जातं. ‘सौभाग्यकांक्षिणी’ जात नाही. शिवाय टोस्टची वेळ येईपर्यंत लग्न लागलेलं असणार, म्हणजे ‘सौ. कां.’मधलं ‘कां.’ गळून नुसतं ‘सौ.’ उरलेलं. ते सोडून दिलं. ‘अष्टपुत्रा’ही सोडलं. त्याबद्दल नंतर बघू.

‘घरांत एकमेकांना धरून राहा.’ इथे मी एकदा फसलो होतो. आज ‘घरांत’ लिहिलं तर ते अनेकवचन, बऱ्याच घरांमध्ये. पण आजोबांची शाळा १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची. तेव्हा न उच्चारले जाणारे अनुस्वारही लिहायचे. ‘घरांत’ म्हणजे एकाच घरात. ‘सुखानें नांदा’मधल्या ‘नें’वरचा अनुस्वारही तसाच. ‘नांदा’चा मात्र उच्चारला जातो, तो दोन्ही काळांत जागेवर.

या ‘नांदा’वर तास घालवला. नुसतं राहणं नव्हे, नुसतं सुखी असणंही नव्हे. सासरी नांदायला जाते ती बाई. पण ‘नांदा’ म्हटलं की दोघं येतात. शेवटी टोस्टमध्ये शब्द मराठीतच ठेवला आणि अर्थ एका वाक्यात सांगितला. दोन मिनिटांत असा एकच शब्द परवडतो. दुसरा समजावायला गेलं की टोस्टचा तास होतो.

पण झोप उडवली ती ता. क. नं. तो आजीच्या हातचा: ‘राग आला तरी ताटावरून उठूं नको. सांभाळून घे.’

मी भाषांतर केलं होतं ते असं, की आजी तिला सांगतेय, बाई गं, त्याला सांभाळून घे. लिहिताना डोळेही पाणावले होते. आज लक्षात आलं की ‘तिला’ आणि ‘त्याला’ कार्डात कुठेच नाहीत. ते मी घातले.

आधी वाटलं, ‘नको’ हे ‘नका’ असेल. दोन्हींत फरक फक्त शिरोरेषेवरच्या मात्रेचा, आणि आजोबांच्या शेवटच्या ओळीतला एक उकार नेमका तिथेच खाली लोंबतोय. अशा वेळी संशयित अक्षराकडे टक लावून उपयोग नसतो, त्याच माणसाला सांगितलेलं पुढचं क्रियापद बघायचं. ‘घे’ स्वच्छ आहे. ‘घ्या’ असतं तर घ अर्धा होऊन पुढे या दिसला असता. म्हणजे एकवचनच. वरचं सगळं दोघांना, हे एकालाच.

कुणाला? मराठीत आज्ञार्थ लिंग सांगत नाही. ‘उठलास’ किंवा ‘उठलीस’ असं काही असतं तर एका अक्षरात निकाल लागला असता. ‘घे’ दोघांनाही चालतं. आणि गंमत अशी की इंग्रजीतलं ‘यू’ तर वचनही सांगत नाही. जसंच्या तसं नेलं असतं तर ओळ दोघांवर सारखी पडली असती, कुणाला काही कळलं नसतं. भाषेनं दिलेली पळवाट होती, आणि मी भाबडेपणानं तिथे सून उभी केली. सांभाळून घ्यायचं ते तिनं, हे मला इतकं उघड वाटलं की मी कार्डाला विचारलंसुद्धा नाही. याचं वाईट वाटतंय. वाईट म्हणजे, मी तसा नाही अशी माझी समजूत होती.

आजीला फोन करावा तर तिकडे पहाट. आईला उठवलं.

तिनं ओळ ऐकली. म्हणाली, ‘अरे, व्याकरण कसलं बघतोस? आपल्याकडे ताटावरून कोण उठतं?’

गप्प बसलो.

एवढं सोपं होतं. अक्षर कळलं, वचन कळलं, अनुस्वार कळले, आणि ओळ जे करू नको म्हणते ते कोण करतं, हे बघायचं राहिलं. नातसुनेला आजी अजून नीट भेटलेलीही नाही. तिचा राग आजीला कुठून माहीत असणार? माझा माहीत आहे. चांगली पंचवीस वर्षं.

टोस्टचा शेवट बदलला. ओळ मराठीत वाचायची, मग म्हणायचं: ‘आजीनं हे मला लिहिलंय. राग आला तरी जेवण सोडून उठू नको. आता तुम्ही सगळे ग्लास घेऊन उठा. मी बसतो, मला मनाई आहे.’