सासूबाईंच्या गोळीचा कागद

माझ्या सासूबाई चीनमधल्या छंगतूच्या. वय 76. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या आणि इथल्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी लोसार्टान 50 मिलिग्रॅम सुरू केली. नवरा आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी असतो, त्यामुळे इंग्रजी कागद चिनीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं. लग्नानंतर शिकलेलं माझं चिनी भाजीबाजारापुरतं बरं आहे. म्हणून मी शब्दकोश घेऊन बसले आणि तिथेच चुकले, कारण शब्दकोशातून डॉक्टरी चिनी निघालं.

पहिल्याच ओळीत ‘फूयोंग’ म्हणजे ‘सेवन करावे’ आलं. सासूबाई हसल्या. घरात औषध ‘खातात’, आपल्याकडे ‘गोळी खाल्लीस का?’ म्हणतात तसं. ती ओळ ‘रोज सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी खा’ अशी केली.

खरा घोळ आकड्यांचा झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वरचा आकडा 100 च्या खाली गेला आणि गरगरलं, तर गोळी न घेता आधी फोन करा. मी ते आटोपशीर करून लिहिलं, ‘दी श्वेया असेल तर गोळी थांबवून फोन करा.’ दी श्वेया म्हणजे कमी रक्तदाब. पण रक्तदाबाच्या दोन आकड्यांना पुस्तकात ‘शोउस्वो या’ आणि ‘शूजांग या’ म्हणत असले, तरी साधी माणसं वरच्याला ‘गाओ या’ म्हणजे उंच दाब आणि खालच्याला ‘दी या’ म्हणजे खालचा दाब म्हणतात. तिसऱ्या दिवशी यंत्रावर 138/72 आलं. आदल्या दिवशी खालचा आकडा 80 होता. दी या उतरला म्हणून त्यांनी गोळी खाल्लीच नाही, आणि मला ऑफिसात त्रास नको म्हणून फोनही केला नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी 156/84. तेव्हा डबी उघडून मोजल्यावर एक गोळी जास्त निघाली.

मग ‘कमी रक्तदाब’ हा शब्दच काढून टाकला. यंत्राच्या पडद्याचं चित्र काढलं, वरच्या आकड्याभोवती लाल गोल केला आणि लिहिलं, ‘हा आकडा 100 पेक्षा कमी आणि उभं राहिल्यावर गरगरतंय, तर गोळी खाऊ नका, लगेच मला हाक मारा.’ राहिलेल्या गोळीबद्दल फार्मसीत विचारून घेतलं आणि तेही घरगुती भाषेत उतरवलं: रात्रीच्या जेवणापर्यंत आठवलं तर खा, दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवशीची एकच. दोन कधीच नाहीत.

मिठाचं मात्र मला सुचलंच नसतं. माहितीपत्रकात पोटॅशियमवालं मीठ टाळा असं होतं. लोसार्टानमुळे शरीरातून पोटॅशियम कमी बाहेर पडतं. त्यात वरून आणखी गेलं तर रक्तातलं प्रमाण वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पोटॅशियमला चिनीत ‘ज्या’ म्हणतात. मी ‘ज्यावालं मीठ नको’ असं वाचून दाखवलं, तर त्या चिडल्याच. ‘मी कधी खोटं मीठ घेते का? चांगल्या दुकानातलं आहे.’ ‘ज्या’ म्हणजे ‘खोटं’सुद्धा, उच्चार आणि सूर दोन्ही तेच. लिहिलेलं अक्षर वेगळं, पण त्या चष्म्याविना नुसतं ऐकत होत्या.

त्यांची पिशवी उलटून पाहिली. ‘दी ना येन’, म्हणजे कमी सोडियमचं मीठ. त्यात जवळजवळ चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, चीनमध्ये रक्तदाबवाल्यांना हेच मीठ सुचवतात. पण या गोळीबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्याच आठवड्याच्या रक्ततपासणीत पोटॅशियम 5.4 आलं, 5 च्या आत हवं होतं. मी कागदावर त्या पिशवीचा फोटो चिकटवून फुली मारली. खाली फक्त ‘ही पिशवी नको. साधं मीठ, तेही अर्धं.’ दोन आठवड्यांनी 4.6 आलं.

कागद पूर्ण झाल्यावर फार्मसीच्या फोनवरच्या चिनी दुभाषीला तो वाचून दाखवला. तिने एक ओळ बदलली. सासूबाईंना मी ‘कळलं का?’ विचारणं सोडलं, कारण त्यावर उत्तर नेहमीच ‘तोंग ल’, कळलं. त्याऐवजी विचारलं, ‘मा, उद्या संध्याकाळी आठवलं की सकाळची राहिली, तर काय कराल?’ त्यांनी डबीतून एक गोळी काढून तळहातावर ठेवली. ‘आणि परवा सकाळी आठवलं तर?’ त्यांनी दोन काढल्या, माझ्याकडे पाहिलं आणि एक परत टाकली. मग पेन्सिल मागून घेतली आणि कागदावरच्या ‘दोन कधीच नाहीत’खाली स्वतःच्या अक्षरात जाड रेघ ओढली.