एक हजार चोवीस चिठ्ठ्या

दुपारी तीनच्या सुमारास स्वागतकक्षातून फोन आला, ‘मॅडम, एक काका आलेत, बातमीबद्दल बोलायचंय म्हणतात.’ खाली गेले तर पंचावन्न-साठीचे गृहस्थ बसले होते. एका हातात आमचा आदल्या दिवशीचा अंक, दुसऱ्या हातात एक्स-रेची चिठ्ठी. बातमीचा मथळा होता, ‘एआय ओळखणार टीबी, अचूकता ९० टक्के’. हा मथळा मीच दिला होता.

चिठ्ठी त्यांच्या मुलीची होती. तिच्या कारखान्यात तपासणी शिबिर झालं होतं. एक्स-रे बघून टीबी ओळखणाऱ्या एआय मशीनने तिच्या छातीच्या फोटोला शंभरपैकी ६८ गुण दिले होते आणि खाली लिहिलं होतं, ‘टीबी संशयित’. तिला खोकला नव्हता, ताप नव्हता, वजनही उतरलं नव्हतं. पण पुढच्या महिन्यात लग्न होतं आणि मुलाकडच्यांनी आमचा अंक पुढे ठेवला होता: मशीन नव्वद टक्के बरोबर असतं, म्हणजे मुलीला नव्वद टक्के टीबी आहेच.

मी वर जाऊन मूळ प्रेसनोट काढली. तिच्यात एक नव्हे, दोन आकडे होते. टीबी असलेल्या शंभर जणांपैकी ९० जणांना मशीन पकडतं आणि टीबी नसलेल्या शंभरांपैकी ९० जणांना सोडून देतं. पानावर जागा कमी म्हणून मी दोन्हींचं मिळून ‘अचूकता ९० टक्के’ केलं होतं. वाक्य वाचायला सोपं झालं आणि अर्थ चुकला.

काकांना कँटीनमध्ये नेलं आणि पानाच्या जुन्या प्रूफच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब मांडला. देशभर २०१९ ते २०२१ मध्ये जे टीबी सर्वेक्षण झालं, त्यात पंधरा वर्षांवरच्या दर लाख लोकांमागे फुप्फुसाच्या टीबीचे तीनशेच्या थोडे वर रुग्ण निघाले. म्हणजे दहा हजारांत साधारण तीस.

‘आता काका, असे दहा हजार लोक मशीनसमोर उभे केले. तीस आजारी, त्यातले २७ सापडले, तीन सुटले. उरले ९,९७० धडधाकट. त्यांच्यातल्या दर दहापैकी एकाला मशीन उगाचच संशयित म्हणणार. किती झाले?’

‘नऊशे सत्त्याण्णव,’ ते लगेच म्हणाले. त्यांचं किराणा दुकान आहे.

‘म्हणजे संशयिताच्या चिठ्ठ्या एकूण १,०२४. त्यात खरे आजारी २७.’

ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला, ‘मग ही मशीन कशाला लावतात?’

कारण दहा हजारांचे बेडके तपासणं अवघड असतं, एक हजारांचे जमतं. मशीनला आधी असंख्य जुने एक्स-रे दाखवलेले असतात, कोणता टीबीचा आणि कोणता नाही हे सांगून. नवा फोटो त्या आजारी फोटोंशी किती जुळतो, एवढंच ते गुणांत सांगतं. ६८ गुण म्हणजे टीबी असण्याची ६८ टक्के शक्यता नव्हे. बऱ्या झालेल्या जुन्या आजाराचा व्रणही तसाच दिसू शकतो. किती गुणांच्या वर संशयित म्हणायचं, ती रेघ माणसं आखतात. रेघ खाली आणली तर कमी रुग्ण सुटतात, पण नाहक चिठ्ठ्या वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या लोकांसाठी अशा मशीनला मान्यता दिली, तीही चाळणी म्हणून. निदान होतं ते सीबीनॅट किंवा ट्रुनॅटवर, बेडक्याच्या तपासणीत.

संध्याकाळी दुरुस्तीची चौकट लिहायला बसले तेव्हा बातमीदाराने विचारलं, मग टक्केवारी काढूनच टाकायची का? नाही. मशीनसमोर कोण उभं होतं, ते टक्केवारीच्या शेजारी लिहायचं. खोकला घेऊन दवाखान्यात आलेल्या हजार जणांत शंभर खरे रुग्ण असतील, तर हेच मशीन त्यातले ९० पकडेल आणि ९०० निरोग्यांपैकी ९० जणांना नाहक संशयित ठरवेल. तिथे दोन चिठ्ठ्यांमागे एक खरी. शिबिरात अडतीस चिठ्ठ्यांमागे जेमतेम एक. मशीन तेच, रांग वेगळी.

चौकटीत आणखी एक ओळ घातली, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटत होती: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर मशीनने ‘ठीक’ म्हटलं तरी बेडका तपासून घ्या. सुटलेले तिघे तिथेच असतात. चौकटीचा मथळा ठेवला, ‘संशयित म्हणजे रुग्ण नव्हे’. पहिल्या पानावर, कालची बातमी होती त्याच जागी.

काका निघताना म्हणाले, मुलीचा नमुना उद्या सकाळी देतोच. मग तो हिशेबाचा कागद त्यांनी मागितला. घडी घालून अंकाच्या आत ठेवला आणि मुलाच्या घरची बस कुठून मिळेल, ते वॉचमनला विचारत बाहेर पडले.