स्लाइड न वाचता बोलायचं म्हणून चिठ्ठ्या केल्या, त्याचा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, तिथं कॉलेजची पोरं बघायला येणार होती आणि माहिती सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. स्लाइड तयार होत्या, पण मला माहितीये की घाबरलो की मी स्क्रीनकडं तोंड करून वाचत सुटतो.

दादा म्हणाला, स्लाइडवरचं कार्डावर उतरवू नको, स्लाइड झाक आणि तोंडानं सांग, जे सांगताना अडतंय तेवढंच लिही. तसंच केलं. टेरीच्या, म्हणजे टॉवेलच्या लूपवाल्या विणीच्या स्लाइडवर पाच लांबलचक ओळी होत्या, आधी मी कार्डावर 'रचना', 'प्रक्रिया', 'गुणवत्ता' असे शब्द लिहिले, दिसायला झकास पण बघून तोंडातून काहीच फुटेना, कारण ती नुसती हेडिंगं होती. मग ते कार्ड असं झालं:

दोन बीम
पाइल ढिला
2 लांब, 3ऱ्याला ठोक
उंच लूप = जड

आता 'दोन बीम' दिसलं की आपोआप येतं, दोन रुळांवर दोन ताणे, म्हणजे उभे धागे, एक ताणा कापडाच्या जमिनीचा, घट्ट, दुसरा पाइलचा म्हणजे लूपचा, ढिला. पहिले दोन पिक, म्हणजे आडवे धागे, कापडापासून थोडे लांब थांबतात, तिसऱ्याला फणी तिन्ही एकदम पुढं ढकलते, घट्ट ताणा जागेवर राहतो आणि ढिल्याचे लूप उभे राहतात. एवढं सगळं चार ओळींतून निघतं, आणि दरवेळी वाक्य वेगळं आलं तरी चालतं की. आकडे मात्र पूर्ण लिहायचे, 450 जीएसएम म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅम, कारण घाबरल्यावर पहिले आकडेच उडतात. सुरुवातीचं पहिलं वाक्यही पूर्ण लिहिलं. आणि प्रत्येक कार्डाच्या खाली पुढच्या स्लाइडचा एक शब्द, म्हणजे बटण दाबायच्या आधीच पुढं काय ते कळतं.

कागद लग्नपत्रिकेचा जाड घेतला, ए फोरचा पातळ कागद हातात थरथरतो आणि ते समोरच्याला लांबून दिसतं. एकाच बाजूला लिहायचं, नंबर टाकायचे, कोपऱ्याला भोक पाडून दोरा ओवायचा, हातातून पडली तरी क्रम मोडत नाही.

वहिनीनं मधलंच कुठलंही कार्ड काढून पुढं धरायचं आणि मी लगेच बोलायचं, अशी प्रॅक्टिस केली. जिथं अडखळलो तिथं तो शब्द बदलला, पाठ नाही केलं. अजून एक, कार्ड बघताना गप्प बसायचं, मान वर केल्यावरच बोलायचं. सुरुवातीला ती शांतता लई मोठी वाटते ओ, पण वहिनी म्हणाली, "भाऊजी, आम्हाला काही जाणवत नाही, बघा की निवांत."

एका ठिकाणी मात्र ही पद्धत चालली नाही. रंगाच्या रेसिपीची स्लाइड नुसती आकड्यांची होती, तिचं कार्ड होईना. ती स्लाइडच काढली आणि तो तक्ता छापून पोरांच्या हातात दिला.