नीलम ऑनलाइन घेताना: व्हिडिओतला रंग आणि घरातला रंग

वडिलांच्या अंगठीसाठी गुरुजींनी सव्वातीन रत्तींचा नीलम सांगितला होता. शनीच्या प्रभावाबद्दल मी येथे काही लिहिणार नाही. खड्याच्या रंगाबद्दल मात्र लिहिण्यासारखे बरेच आहे. बेळगावात शहापूरच्या सराफांकडे नीलम मिळतो, पण एका वेळी दोन-चार खड्यांपलीकडे निवड मिळाली नाही आणि त्यांतल्या एकाही खड्यासोबत प्रयोगशाळेचा अहवाल नव्हता, म्हणून जयपूरच्या एका विक्रेत्याकडून ऑनलाइन घ्यायचे ठरवले.

बाजारात एक रत्ती साधारण ०.९१ कॅरेट धरतात, त्यामुळे सव्वातीन रत्ती म्हणजे जवळपास २.९६ कॅरेट होतात. भाव रत्तीचा सांगितला आहे की कॅरेटचा, हे आधी विचारून घ्यावे, कारण रत्तीचा आकडा नेहमीच कमी दिसतो. विक्रेत्याने पाठवलेल्या पहिल्या अंडाकृती खड्याची मापे अहवालात ८.६ × ७.० × ६.१ मिलिमीटर अशी होती. अंडाकृती नीलमाची लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करून त्याला ०.००८ ने गुणले की अंदाजे कॅरेट मिळतात. येथे उत्तर २.९४ आले, म्हणजे वजन खरे होते. खटकली ती खोली. सात मिलिमीटर रुंदीच्या खड्याला सहाहून अधिक खोली म्हणजे वजन पोटात दडलेले. त्या वजनाचे पैसे आपण देतो, पण अंगठीत ते दिसत नाही. शिवाय प्रकाशाला खड्याच्या आत लांबचा प्रवास करावा लागत असल्याने रंगही अधिक गडद होतो.

व्हिडिओत मात्र तोच खडा निळाशार आणि उजळ दिसत होता. मी व्हिडिओ थांबवून खड्याऐवजी विक्रेत्याची बोटे पाहिली. नखे पांढरीफटक झाली होती, कातडीवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या आणि बोटांच्या कडा आतून लालसर उजळल्या होत्या. नखे व रेषा पुसल्या जातात तेव्हा कॅमेऱ्याने उजेड वाढवून घेतलेला असतो. कडा लाल दिसतात तेव्हा दिवा खड्याच्या मागे असतो. मागून प्रकाश दिला की गडद नीलमही आरपार उजळतो, पण अंगठीत खड्याच्या मागे बोट असते. व्हिडिओतला माणसाचा हात नेहमी ओळखीच्या रंगाचा दिसायला हवा. कातडी निळसर किंवा नारिंगी दिसत असेल तर खड्याच्या रंगावरही विश्वास ठेवू नये.

म्हणून मी विक्रेत्याला माझ्या अटींवर नवा व्हिडिओ मागितला. खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी, खोलीतले दिवे बंद करून, खडा वर्तमानपत्रावर तोंड वर करून ठेवायचा आणि शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवायचा. मग तोच खडा दोन बोटांमध्ये अंगठीसारखा धरायचा आणि शेवटी त्याच खोलीत फक्त पिवळा दिवा लावायचा, हे सारे व्हिडिओ न तोडता. कोरा कागद पांढरा दिसला तर कॅमेऱ्याचा रंग ठीक. वर्तमानपत्राची अक्षरे खड्याच्या मधल्या भागातून वाचता आली तर पैलू उथळ कापलेले आहेत आणि तेथून प्रकाश परत न येता खाली निसटतो, त्यामुळे मधोमध रंग फिका पडतो. पाहताना मीही मोबाइलमधला रंग भडक करणारा पर्याय आणि रात्रीचा पिवळा पडदा बंद केला होता. विक्रेत्याने कुरकुर न करता व्हिडिओ पाठवला, हे त्याच्या बाजूने नमूद करायला हवे. पिवळ्या दिव्यात तो पहिला खडा शाईच्या थेंबासारखा काळा दिसला आणि तो मी सोडला.

दुसरा खडा ९.२ × ७.४ × ५.४ मिलिमीटरचा होता. वजन पहिल्याइतकेच, पण वरून दिसणारा चेहरा ठळकपणे मोठा. अहवालात नैसर्गिक नीलम आणि उष्णता दिल्याची चिन्हे आढळल्याची नोंद होती. नीलमाला उष्णता देणे नित्याचे आहे, मात्र किंमत त्याप्रमाणे कमी असायला हवी. अहवालाचा क्रमांक मी प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तपासला.

पैसे देण्यापूर्वी परताव्याच्या अटी वाचल्या. सात दिवसांत परत घेऊ असे मोठ्या अक्षरांत होते. खाली बारीक अक्षरांत स्क्रीनमुळे होणारा रंगातला फरक हे कारण चालणार नाही आणि परतावा पुढच्या खरेदीत वळता केला जाईल असे होते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष, बनावट किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते. परंतु खडा खरा आहे, वर्णनाप्रमाणे आहे आणि फक्त आपल्याला रंग आवडला नाही, अशा वेळी हा नियम कामी येत नाही. तेथे विक्रेत्याचा शब्दच उरतो, म्हणून तो लेखी घ्यावा. पार्सल हातात पडल्यापासून सात दिवस मोजले जातील, कारण विचारले जाणार नाही, रक्कम बँक खात्यात येईल आणि परतीचा खर्च माझा असेल, हे मी ईमेलवर मान्य करून घेतले.

पार्सल फोडताना व्हिडिओ काढला. पावसाळ्यामुळे आभाळ सलग भरलेले होते, आणि नीलम पाहायला असा मऊ, सावली नसलेला उजेड चांगला असतो. वजन करायला शहापूरला गेले तेव्हा सराफ म्हणाले, “ताई, खडा दुपारी बघून ठरवू नका, दिवेलागणीला परत बघा.” संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली रंग टिकला. पण हात न हलवता, अंगठी पाहतो तेवढ्या अंतरावरून पाहिल्यावर एका टोकाला जवळजवळ पांढरा पट्टा दिसला. नीलमात रंग बऱ्याचदा पट्ट्यांनी साठलेला असतो. विक्रेत्याच्या व्हिडिओत खडा सतत डोलत होता आणि त्या चमचमाटात पट्टा हरवला होता.

खडा परत केला. पाठवण्यापूर्वी वजनकाट्यासह खड्याचे आणि सीलबंद अहवालाचे फोटो काढले आणि पार्सल विमा उतरवून पाठवले, कारण साध्या कुरियरच्या अटींत मौल्यवान खड्यांची जबाबदारी बहुधा वगळलेली असते. विक्रेत्याने आधी रंगाचे कारण चालत नाही असे कळवले. मी त्याचाच ईमेल त्याला पाठवला आणि रक्कम खात्यात जमा झाली.

पुढचा खडा त्याच विक्रेत्याकडून घेतला. या वेळी व्हिडिओच्या मागणीत एक गोष्ट वाढवली होती: खडा न हलवता दहा सेकंद सरळ, मग चारही दिशांना वळवून प्रत्येक दिशेत पुन्हा दहा सेकंद. रंग थोडा फिका आहे, पण टोकापासून टोकापर्यंत सारखा. शहापूरच्या सराफांनी तो मागून उघड्या कोंदणात बसवला. अशा कोंदणात खड्याच्या मागे साबण आणि तेल साचते आणि रंग मंद वाटू लागतो, तेव्हा कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने मागची बाजू धुवावी लागते.