रिलीव्हिंग लेटर आणि अनुभव प्रमाणपत्रासाठी एचआरला केलेला मेल: माझा अनुभव

वाळूज एमआयडीसीतली नोकरी सोडली तेव्हा मला दोन कागद हवे होते. राजीनामा मंजूर होऊन अमुक तारखेला कामावरून मोकळं केलं, हे रिलीव्हिंग लेटर सांगतं. अनुभव प्रमाणपत्रात कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या पदावर, एवढंच असतं. ‘लेटर द्या’ असं मोघम लिहिलं की एकच कागद हातात पडतो, म्हणून मेलमध्ये दोन्हींची नावं वेगवेगळी टाकली.

मेल वैयक्तिक आयडीवरून केला, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचा आयडी बंद होतो. राजीनामा मंजुरीची प्रिंट त्याआधीच काढून ठेवली होती. मजकूर असा:

‘मा. एचआर मॅनेजर, मी (नाव, एम्प्लॉयी कोड), मशीन शॉप. राजीनामा १ जुलै २०२४, नोटीस ३० दिवस, शेवटचा दिवस ३१ जुलै २०२४. रुजू ३ जून २०१९ (ट्रेनी), कायम १ जून २०२० (ज्युनिअर इंजिनिअर). नो ड्यूज फॉर्म पूर्ण आहे. कृपया रिलीव्हिंग लेटर व अनुभव प्रमाणपत्र द्यावे. फुल अँड फायनलचा हिशोब नंतर झाला तरी चालेल, पण पत्रे त्यासाठी थांबवू नयेत. सोबत: नेमणूक पत्र, कायम केल्याचे पत्र, राजीनामा मंजुरी, नो ड्यूज.’

नो ड्यूजवर स्टोअर, कॅन्टीन, आयटी, अकाउंट्स अशा सह्या लागतात. माझा फॉर्म स्टोअरला अडला. नावावर एक व्हर्नियर कॅलिपर निघत होता. तो मी आधीच जमा केला होता, पण रजिस्टरात नोंद नव्हती. पावती होती म्हणून सही मिळाली. वस्तू देताना सही घ्या, तोंडी ‘दिलंय की’ चालत नाही.

प्रमाणपत्र आलं, पण रुजू तारीख १ जून २०२०. कारकुनाने कायम झाल्याची तारीख उचलली होती. फरक वर्षभराचा, आणि तो महागात पडला असता. खरी सेवा पाच वर्षांच्या वर जाते, चुकीच्या तारखेने ती चार वर्षं दोन महिनेच राहते. ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षं लागतात. ट्रेनी असलो तरी मी कंपनीच्याच रोलवर होतो, कायद्याखालचा अप्रेंटिस नव्हतो. त्यामुळे जून २०१९ पासून पीएफ भरल्याचं पासबुक आणि नेमणूक पत्र जोडून ‘रुजू तारीख दुरुस्त करावी’ एवढंच कळवलं. मूळ मेललाच उत्तर दिलं, नवीन मेल केला नाही. आधीचे कागद खालीच दिसत राहतात.

कंत्राटदाराच्या रोलवर काम केलं असेल, तर त्या काळाचं प्रमाणपत्र कंत्राटदाराकडूनच मागावं लागतं. कंपनीचा एचआर ते देणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

दुरुस्त पत्रावर लेटरहेड, शिक्का, सही पाहिली. मग पीएफ पोर्टलवर सोडल्याची तारीख ३१ जुलैच पडली आहे का, ते ताडून पाहिलं.